निराधारचा पगार आणि आपला ग्रामसंघ

आम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका ग्रामसंघाच्या बाया. आज पुण्यात रेडिओवर बोलायला आलो आहोत.

गावातले सगळे बचतगट मिळून उमेदचा ग्रामसंघ होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. दरवर्षी आम्ही गावाच्या गरजांचा आराखडा करून ग्रामसभेत देतो. कुणाला घरकुल नाही, कुणाचं जॉबकार्ड नाही, कुणाला निराधारचा पगार नाही, हे त्यात असतं. पंचायतीला यादी आयती मिळते. पण ती यादी कुठपर्यंत चालते, हे आम्हाला एका ताईंमुळे कळलं.

या ताई विधवा, मोलमजुरी करणाऱ्या. आमच्या कुठल्याच गटात त्या नव्हत्या, कारण ठरलेली बचत दर वेळी भरणं त्यांना परवडत नव्हतं. आम्ही गटांच्या बैठकीत बसून यादी केली आणि त्यांचं नाव सुटलं. ही चूक आमची. गटाच्या वहीवरून यादी केली, की सगळ्यात गरीब बाईच बाहेर राहते. पुढच्या वर्षी आम्ही वही बाजूला ठेवून वस्तीवार, घरोघर फिरलो.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्या सभेत ताईंचं नाव वाचलं. ग्रामसभेत ठरावही झाला. आम्हाला वाटलं, काम झालं. सहा महिने गेले, काहीच हललं नाही.

मग चौकशी केली. संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्य सरकारची आहे, 1980 पासूनची. विधवा बाईला महिन्याला 1500 रुपये मिळतात. पण मंजुरी ग्रामपंचायत देत नाही. अर्ज तहसील कार्यालयात जातो आणि तालुक्याची समिती ठरवते. म्हणजे आमचा ठराव ही गावाची साक्ष होती, अर्ज नव्हता. अर्ज तर कुणी भरलाच नव्हता!

कागद गोळा करायला बसलो, तर पतीच्या मृत्यूचा दाखला नाही. ग्रामसेवक म्हणाले, "तो मी देऊ शकत नाही." आम्हाला राग आला, पण त्यांचं बरोबर होतं. ताईंचे पती पुण्यात दवाखान्यात वारले होते. मृत्यूची नोंद माणूस जिथे वारला तिथेच होते, म्हणून दाखला पुणे महापालिकेकडून आणावा लागला. आमच्यातल्या दोघी ताईंबरोबर शहरात आल्या. आपल्याकडे कामाला शहरात गेलेली माणसं पुष्कळ, तेव्हा हे लक्षात ठेवा. दाखल्यावरचं नाव आधारकार्डाशी जुळतं का, तेही तिथेच वाचून बघा.

पुढे उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलचा. घरचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत हवं. ताईंना वर्षात सत्तरेक दिवस काम मिळालं होतं, त्या बसल्या. त्याच वस्तीतल्या दुसऱ्या विधवा बाई मात्र अडकल्या. दिवसाला 250 रुपये मजुरी धरली, तर 84 दिवसांत 21 हजार भरतात. या बाई त्याहून जास्त दिवस राबल्या होत्या. जी बाई जास्त राबली, ती निराधार नाही! ही अट सरपंच बदलू शकत नाहीत, ग्रामसभाही नाही. अट वाढवा अशी मागणी करणारा ठराव तेवढा करता येतो. तो आम्ही केला.

ताईंचा अर्ज मंजूर झाला, तरी पैसे दिसेनात. बँकेत कळलं, की आधार एका जुन्या, विसरलेल्या खात्याला जोडलेलं होतं आणि पगार तिकडे जमा होत होता. तेव्हा मंजुरीनंतरही आधार कुठल्या खात्याला जोडलंय, हे विचारा.

आता जरा अवघड गोष्ट. या फेऱ्यांचं भाडं आम्ही पदरचं भरलं. एका मैत्रिणीनं सुचवलं, अर्जामागे शंभर रुपये घेऊ या. आम्ही नाही म्हटलं, कारण गरीब बाईच्या दारात आम्हीच दलाल झालो असतो. पण दर वेळी पदरचे कुठून आणायचे? याला आमच्याकडे अजून उत्तर नाही.

दुसरं असं, की आमच्या एका गटाला पाणीपट्टी गोळा करायचं काम पंचायतीनं दिलं होतं. एकदा महिला सभा न घेताच ती झाल्याचं कागदावर लिहिलं गेलं, तेव्हा त्या गटातल्या बाया गप्प बसल्या. काम जाईल ही भीती. मग बाकीच्या गटांनी लेखी अर्ज दिला आणि त्याची शिक्क्याची पोच घेतली. त्या दिवसापासून आम्ही ठरावाची नक्कलही मागून घेतो. त्यावर क्रमांक आणि तारीख नसेल, तर ठराव तोंडी राहिला असं समजतो.

ताईंना आता पगार सुरू आहे. दुसऱ्या बाईंना नाही. त्यांचं नाव आम्ही यादीतून काढलेलं नाही. दर ग्रामसभेत ते मोठ्यानं वाचतो, आणि का मिळालं नाही, तेही लिहून घ्यायला लावतो.