फोटोतला गड ओळखताना

रायगडाच्या महादरवाजाचा खालून काढलेला फोटो समोर धरा. आधी दरवाजा शोधू नका, तो दिसणारच नाही. डोंगराच्या कडेने गेलेली भिंत, म्हणजे तटबंदी, नजरेने धरून चला. तिच्यात दोन गोल फुगवटे जवळजवळ आलेले दिसतील. ते बुरूज. वाट त्यांच्यामधून वळण घेत आत शिरते आणि दरवाजा आडोशाला राहतो. शत्रूला समोरून तोफ डागता येऊ नये, म्हणून ही गोमुखी रचना.

माथ्यावरच्या फोटोत कातळात सरळ कडांचा हिरवा चौकोन दिसला, तर ते बहुधा पाण्याचं टाकं. सहलीला गेलात तर गवत समजून त्यावर पाय ठेवू नका. वर शेवाळ असतं, खाली किती खोल आहे ते फोटोत कळत नाही.