चौकटीबाहेरचे छायाचित्र

छायाचित्राच्या मूळ कडांपलीकडे संगणकीय मॉडेलकडून नवा भाग काढून घेण्याच्या तंत्राला आउटपेंटिंग म्हणतात. ३००० × २००० पिक्सेलचे, जुन्या कृष्णधवल फिल्मवरून स्कॅन केलेले एखाद्या गल्लीचे छायाचित्र १६:९ या रुंद चौकटीत बसवायचे असेल, तर दोन्ही बाजूंना सुमारे २७८ पिक्सेलची पट्टी नव्याने घडवावी लागते. पट्टी अरुंद असली, तरी तिच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली गोष्ट यथार्थदर्शनाची. गल्लीतील घरांच्या पागोळीच्या आणि जोत्याच्या रेषा खोलवर जाऊन जिथे मिळतात, तो लोपबिंदू आधी निश्चित करून तेथून नव्या पट्टीपर्यंत रेषा ओढाव्यात आणि त्यांच्या आधारे भिंतींचा कच्चा आराखडा रंगवून मगच मॉडेलला काम सोपवावे, कारण मॉडेल भूमिती मोजत नाही, ते केवळ शक्य वाटणारे चित्र रचते आणि त्यामुळे पागोळी सांध्यापाशी किंचित मोडते.

प्रकाशाच्या बाबतीत सावल्यांची दिशा सहसा तपासली जाते, पण भिंगामुळे कोपऱ्यांत येणारा अंधार मात्र विसरला जातो. तो आधी दूर केला नाही, तर विस्तारानंतर जुन्या कडेच्या जागी काळसर पट्टा चित्राच्या आतच राहतो. म्हणून तो प्रथम घालवून, विस्तार झाल्यावर संपूर्ण नव्या चौकटीवर हवा असल्यास पुन्हा द्यावा.

सर्वांत अवघड भाग फिल्मच्या दाण्यांचा. स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेले चित्र थेट पिक्सेलांत न रंगवता आठ-आठ पिक्सेलच्या चौकोनांची माहिती मोजक्या संख्यांत दाबून त्यावर काम करतात, आणि या दाबण्यात एक-दोन पिक्सेलचा दाणा टिकत नाही. परिणामी नवी भिंत मेणासारखी गुळगुळीत दिसते. इतकेच नव्हे, तर अशा फेऱ्यातून गेलेला जुना भागही सूक्ष्मपणे बदलतो, म्हणून मूळ पिक्सेल शेवटी जसेच्या तसे वर ठेवणे आवश्यक असते. यानंतर मूळ चित्रातील एका सपाट भिंतीवरून दाण्याचा आकार व तीव्रता मोजून तसेच दाणे वेगळ्या थरावर फक्त नव्या पट्टीत घालावेत. छापलेल्या किंवा स्कॅन केलेल्या चित्रात मधल्या करड्या छटांत दाणा ठळक असतो आणि गडद काळ्यात व लख्ख पांढऱ्यात मंदावतो. सर्वत्र सारखा पसरलेला दाणा त्यामुळेच खोटा ठरतो. शंभर टक्के आकारात, कॉन्ट्रास्ट वाढवून सांध्याकडे पाहिले की हा फरक लगेच उघडा पडतो.

तिन्ही गोष्टी साधल्या, तरी पट्टीत दिसणारे दार त्या गल्लीत होते असे सिद्ध होत नाही. म्हणून संग्रहात ठेवताना मूळ स्कॅन अबाधित राखावा आणि मूळ कडा दाखवणारी मास्कची फाइल विस्तारित चित्रासोबत जपावी.