स्वप्नातून उरलेलं पान



शाळेच्या हस्तलिखितात माझी एक गोष्ट होती. मुलगी विहिरीत पडते आणि शेवटी आई तिला हलवून उठवते. बाईंनी खाली लिहिलं, "मग बिघडलं काय?" तेव्हा राग आला होता. आता पटतं. सगळं जागच्या जागी असेल, तर वाचकाची भीती फुकट जाते.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा आठवा. ट्रकची धडक बसते आणि पंत अशा मुंबईत पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले आहेत. परतल्यावर मित्राला हा निव्वळ भास वाटतो. मग पंत बखरीचं फाटकं पान दाखवतात. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. या पानावर ती कानाला चाटून जाते.

हे पान ऐनवेळी उगवत नाही. ग्रंथालयात पंतांनी बखर नकळत खिशात टाकलेली असते. पुढे आझाद मैदानावरच्या झटापटीत ती हरवते, पान तेवढं उरतं. अख्खी बखर हाती असती तर शंकेला जागाच नव्हती. काहीच नसतं, तर माझी विहीर झाली असती!

परवा ती गोष्ट पुन्हा लिहिली. आधी शेवटी दारात एकच चप्पल ठेवली, पण ती चिकटवल्यासारखी वाटली. म्हणून सुरुवातीलाच मुलगी चपलेचा तुटलेला अंगठा दोऱ्यानं शिवते. आई अजूनही उठवतेच. फक्त शिवलेली चप्पल सापडत नाही.