डबा घरचा की वाढप्याचा?
(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)

शिकायला शहरात राहिलेल्या मुलाला घरून डबा येतो. त्याच्या शेजारचा दुसरा मुलगा संध्याकाळी खानावळीत वाढप्याचं काम करतो आणि त्या बदल्यात जेवतो. दोघांच्या पानात पोळी-भाजीच असते, पण एकाला ते ताट शिकण्यासाठी मिळालेलं असतं आणि दुसऱ्याला राबल्याबद्दल. विद्यार्थ्याच्या पैशावर प्राप्तिकर लागतो की नाही, हे याच फरकावर ठरतं. १९६१च्या आयकर कायद्याच्या १०(१६) या कलमाप्रमाणे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती पूर्ण करमुक्त आहे. तिला रकमेची कमाल मर्यादा नाही, ती उत्पन्नात मोजायचीच नाही. मात्र तीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकली, तर तिचं व्याज करपात्र असतं. डबा घरचा असला तरी त्यातल्या चार पोळ्या विकल्या की ती कमाईच!

आता यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कंपनीच्या पत्रात ‘स्टायपेंड’ लिहिलंय, मग तीही शिष्यवृत्तीच नाही का? नाही. कागदावरचं नाव पाहू नका, पैसा कशासाठी मिळाला ते पाहा. हजेरी लागते का, रजा मागावी लागते का, कंपनीला तुमच्या कामाचा उपयोग होतो का? उत्तर हो असेल तर ताट वाढप्याचं आहे, मग त्याला स्टायपेंड म्हणा नाहीतर मानधन. दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: पीएच.डी.चा विद्यार्थी फेलोशिप घेतो आणि आठवड्याला दोन तासिकाही शिकवतो, त्याचं काय? तिथे निवडपत्र वाचावं. मुख्य हेतू संशोधन असेल आणि विद्यापीठाशी नोकरीचं नातं नसेल, तर करमुक्तीची बाजू भक्कम असते. तासिकांचे पैसे वेगळे मिळत असतील तर तेवढे करपात्र. रुग्णसेवा करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनावर मात्र न्यायाधिकरणांपर्यंत वाद गेलेले आहेत. तिथे नुसतं ‘विद्या’ या शब्दावर विसंबू नये.

‘कर लागत नाही, मग रिटर्न कशाला?’ असं मुलं विचारतात, आणि सगळा घोटाळा इथेच होतो. कर लागणं आणि रिटर्न भरावं लागणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ३१ मार्च २०२६ला संपलेलं वर्ष आणि आपोआप लागू होणारी नवी करप्रणाली धरून बोलतो. तीत एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न बंधनकारक. १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो खरा, पण ती सवलत रिटर्नची जबाबदारी काढून घेत नाही. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट आधी मिळते. म्हणजे पगार म्हणून महिना ४५ हजार घेणाऱ्याचे वर्षाचे ५ लाख ४० हजार, त्यातून वजावट जाता ४ लाख ६५ हजार. कर शून्य, रिटर्न मात्र हवंच.

आता अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी घेऊ. शिष्यवृत्ती ६० हजार. कंपनीत दहा महिने इंटर्नशिप, महिना २५ हजार, म्हणजे अडीच लाख. क्लासमध्ये शिकवून वर्षाला आणखी ६० हजार. शिष्यवृत्ती बाजूला ठेवली की करपात्र उत्पन्न ३ लाख १० हजार, म्हणजे ४ लाखांच्या आतच. पण कंपनीने व्यावसायिक शुल्क समजून १० टक्के टीडीएस कापला, तो झाला २५ हजार. वर्षभरात कापलेला कर २५ हजार किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, रिटर्न बंधनकारक. इंटर्नशिप नऊच महिने असती तर कपात साडेबावीस हजार झाली असती आणि सक्ती उरली नसती. पण म्हणून रिटर्न भरलं नाही, तर ते साडेबावीस हजार परत कोण देणार? आयकर खातं आपण होऊन घरपोच आणून देत नाही, बरं का.

म्हणून आधी आयकराच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनचा २६एएस उतारा उघडा. कापलेली रक्कम तिथे दिसत नसेल, तर कंपनीने ती जमा केलेली नाही, आपलं टीडीएस विवरण भरलेलं नाही किंवा तुमचा पॅन चुकीचा लिहिला आहे. आधी कंपनीच्या लेखा विभागाकडून दुरुस्ती करून घ्या, मगच परतावा मागा. उताऱ्यातलं कलमही पाहा. १९२ असेल तर कंपनीने तुम्हाला पगारदार धरलं आहे, १९४जे असेल तर नाही, आणि मग ती ७५ हजारांची वजावटही... त्याचा हिशेब सविस्तर मांडायला हवा होता, पण घड्याळ पुढे गेलं. एवढं तरी ध्यानात असू द्या: आधी डबा कुणाचा ते ठरवा, आणि ‘कर शून्य’ ऐकून उतारा न बघताच उठू नका.