दोन हजारांची दुर्बीण आणि चार पुस्तकं

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत मार्च महिन्यात सभागृहात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना केलेले विनोद सौ.च्या सल्ल्यावरून गाळले आहेत.)



मी आयुष्यभर बँकेत काम केलं. खगोलशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. निवृत्तीनंतर ताऱ्यांचा नाद लागला, इतकंच. आजचा विषय मी मुद्दाम मागून घेतला, कारण समितीपुढे एक प्रस्ताव आहे. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून गच्चीवर एक मोठी टेलिस्कोप घ्यावी आणि त्यासाठी चाळीस हजार रुपये बाजूला काढावेत, असा तो प्रस्ताव आहे. त्या पैशात सहा साध्या दुर्बिणी आणि चांगल्या पुस्तकांचं एक कपाट घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे ऐका आणि मग मत द्या.

आधी माझी फजिती सांगतो. नऊ वर्षांपूर्वी मी जुन्या बाजारातून दोन हजारांना 10×50 ची दुर्बीण आणली. दहा म्हणजे दहापट मोठं दिसतं आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. पन्नासला दहाने भागलं की पाच उरतात. डोळ्यापाशी प्रकाशाचा जो झोत बाहेर पडतो, त्याची ती रुंदी. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आमच्या वयात ती पाचच्या आसपास थांबते. म्हणून ज्येष्ठांना 7×50 पेक्षा 10×50 बरी, नाहीतर काही प्रकाश बाहुलीबाहेर वाया जातो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नशिबाने बरोबर वस्तू हाती आली.

पुस्तक मात्र चुकलं. भाच्याने टेरेन्स डिकिन्सन यांचं 'नाइटवॉच' दिलं होतं. पुस्तक उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण डिकिन्सन कॅनडाचे. त्या देशांतली पुस्तकं नवख्याला आधी सप्तर्षी शोधायला सांगतात, कारण तिथे सप्तर्षी मावळतच नाहीत. मी नोव्हेंबरच्या संध्याकाळी गच्चीवर चढलो आणि तासभर उत्तरेकडे मान मोडून घेतली. सप्तर्षी नाहीत! मला वाटलं, मोतीबिंदू वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. खरी गोष्ट अशी होती की आपल्याकडून त्या वेळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात. दोष ना डोळ्यांचा, ना पुस्तकाचा. ते पुस्तक दुसऱ्या गावासाठी लिहिलेलं होतं.

म्हणून पुस्तक घेताना पहिली परीक्षा ही: हे कुठल्या अक्षांशासाठी लिहिलंय? बदलापूर सुमारे 19 अंश उत्तरेला आहे. ध्रुवतारा जिथे उभे आहात तिथल्या अक्षांशाइतकाच वर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. म्हणजे आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. लंडनला तो पाच मुठी वर असतो. आपल्या बी विंगच्या मागे तो का लपतो, ते आता कळलं असेल.

पण विलायती पुस्तक फेकून द्यायचं कारण नाही, त्याला एक दुरुस्ती लावायची. त्यासाठी एकच आकडा पाठ करा: 71. नव्वदमधून आपले 19 वजा केले की 71 उरतात. चांगल्या पुस्तकात प्रत्येक ताऱ्यापुढे त्याची क्रांती दिलेली असते, म्हणजे तो आकाशातल्या विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. दक्षिणेचा तारा असेल तर त्याचे अंश 71 मधून वजा करा. तो दक्षिणेला सर्वांत वर येईल तेव्हाची उंची मिळेल. अगस्त्याची क्रांती दक्षिण 53. 71 वजा 53 म्हणजे 18, दोन मुठींना थोडं कमी. लंडनकरांचा आकडा साडेअडतीसच, त्यातून 53 जातच नाहीत, म्हणजे त्यांना अगस्त्य कधीच दिसत नाही. त्यामुळे तिकडच्या पुस्तकात त्याला दोन ओळी मिळाल्या तरी नवल वाटायला नको. आपल्याला तो वर्षातले कितीतरी महिने फुकट दिसतो.

दुसरी परीक्षा: पुस्तक कुठल्या उपकरणासाठी आहे? टेलिस्कोपसाठी लिहिलेल्या पुस्तकात चित्रं बऱ्याचदा उलटी किंवा आरशातल्यासारखी छापलेली असतात, कारण टेलिस्कोपमध्ये तसंच दिसतं. आपल्या दुर्बिणीत सरळ दिसतं. चित्र आणि आकाश जुळत नाही आणि माणूस हिरमुसतो. फोटोंचंही तसंच. मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी दिसतो. दुर्बिणीत तो राखाडी, धुरकट डागासारखा दिसतो, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्याला रंग कळत नाही. जे पुस्तक 'दुर्बिणीतून तुम्हाला एवढंच दिसेल' असं आधीच सांगतं, ते प्रामाणिक पुस्तक. गुरूचे चार चंद्र 10×50 मधून दिसतात, पण कोपर भिंतीला टेकवून हात स्थिर ठेवला तरच. शनीची कडी दहापटीत दिसत नाही. दिसते असं कुणी विक्रेता म्हणाला, तर दुकान बदला.

या परीक्षेत उतरणारं नवख्याचं पुस्तक म्हणजे गॅरी सेरोनिक यांचं 'बायनॉक्युलर हायलाइट्स'. आकाशातल्या फक्त निवडक गोष्टी, प्रत्येकीला छोटा मजकूर आणि नकाशा. फिलिप हॅरिंग्टन यांच्या दुर्बिणीवरच्या पुस्तकात हजारावर गोष्टी आहेत, पण ते मुरल्यावर घ्या. सेरोनिकही उत्तरेकडचे, तेव्हा 71 चा आकडा जवळ ठेवाच. नावांसाठी मात्र मराठी पुस्तक हवं, कारण ओरायन म्हटलं की आजीला कळत नाही, मृग म्हटलं की कळतं. गो. रा. परांजपे यांचा 'आकाशदर्शन अ‍ॅटलास' जुन्या पुस्तकांत मिळाला तर सोडू नका. आणि जे पाहिलं ते मुळात काय आहे, हे समजायला जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. ते गच्चीवर न्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी वाचायचं.

आता एक रात्र सविस्तर सांगतो. गेल्या महिन्यात अमावास्येच्या सुमारास आपले अकरा सभासद बारवी धरणाच्या बाजूला गेलो होतो. धरणाच्या भिंतीकडे जायचं नाही, ती एमआयडीसीची जागा आहे. एका परिचितांच्या शेतात त्यांना विचारून बसलो. तिथे पश्चिमेला बदलापूर-अंबरनाथचा उजेड आभाळावर चढलेला दिसतो, पण पूर्व आणि दक्षिण बाजू काळी राहते. दिवे बंद करून अर्धा तास नुसतं बसायचं, कारण डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. कुणी मोबाइल उघडला की घड्याळ पुन्हा शून्यावर! नकाशा वाचायला टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावला होता.

जाण्याआधी घरी एक काम केलं होतं. माझ्या दुर्बिणीत एका वेळी साडेसहा अंशांचं आकाश मावतं. नकाशात मात्र पानभर आकाश असतं, आणि नवखा माणूस इथेच हरवतो. मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे, म्हणजे बाण, टोकापासून टोकापर्यंत साधारण पावणेतीन अंश भरतात. माझ्या नकाशावर ते अंतर 9 मिलिमीटर होतं. म्हणजे एक अंशाला साधारण 3.3 मिलिमीटर, आणि साडेसहा अंशांना साधारण 21 मिलिमीटर. तांब्याच्या तारेची 21 मिलिमीटर रुंदीची कडी केली. ही कडी नकाशावर ठेवली की तिच्या आत जेवढे तारे, तेवढेच दुर्बिणीत दिसणार. नकाशा बदलला की बाण पुन्हा मोजायचा आणि कडी नवी करायची.

नऊच्या सुमारास मृग डोक्याजवळ होता. बाणाच्या रेषेने खाली डावीकडे सरकलं की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, व्याध. पुस्तकात व्याधाच्या दक्षिणेला चार अंशांवर एम 41 नावाचा तारकागुच्छ दिलाय. चार अंश साडेसहाच्या कडीत मावतात. म्हणून सगळ्यांना एकच सूचना दिली: व्याध दुर्बिणीच्या वरच्या काठाला न्या आणि मग खालच्या काठाकडे बघा. सी विंगच्या पाटीलकाकू, वय 74, आरामखुर्चीत टेकून पाहत होत्या. "अहो भाऊजी, पिठाची चिमूट सांडल्यासारखं काहीतरी दिसतंय," त्या म्हणाल्या. तोच तो! नुसत्या डोळ्यांना जिथे काही कळत नव्हतं, तिथे सुमारे 2300 वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश काकूंच्या डोळ्यांत पोचला होता. तो कुणी दाखवला नाही, त्यांनी स्वतः शोधला. मग व्याधाखाली, दक्षिण क्षितिजाजवळ, दोन मुठींच्या आत अगस्त्य. 71 वजा 53 बरोबर जमलं.

आता एका दुर्बिणीची तक्रार. जोशींनी आणलेल्या स्वस्त दुर्बिणीत प्रत्येक तारा दुहेरी दिसत होता आणि त्यांचं डोकं दुखायला लागलं. दोन नळ्या एका दिशेला रोखलेल्या नसल्या की असं होतं. तेव्हा घेतानाच दूरच्या दिव्याकडे किंवा टॉवरकडे बघा. एक डोळा झाकून उघडताना चित्र उडी मारत असेल, तर ती दुर्बीण परत करा. आणि ज्यांत पट कमी-जास्त करता येते अशा झूम दुर्बिणी घेऊ नका, अंधारात त्या मंद पडतात.

आता प्रस्तावाकडे येतो. एका टेलिस्कोपमागे अकरा माणसांची रांग लागते, प्रत्येकाला मिनिटभर मिळतं आणि तेही दुसऱ्याने लावून दिलेलं. शिवाय ती कुणाच्या ताब्यात, किल्ली कुणाकडे, यावरून आपल्या वार्षिक सभेत काय होईल ते मी सांगायला नको. ज्यांना मोठ्या दुर्बिणीतून बघायचंच आहे, त्यांच्यासाठी मुंबईचं खगोल मंडळ पुढच्याच स्टेशनला, वांगणीला, रात्रभराचे कार्यक्रम करत आलंय. सहा दुर्बिणी मात्र सहा घरांत जातील, सोबत एक पुस्तक आणि एक तारेची कडी. वाचनालयाच्या पुस्तकासारखी नोंद करायची आणि पंधरा दिवसांनी परत. हिशेब मी ठेवीन, सवय आहे.

शेवटचं एक. मे महिन्यातल्या अमावास्येला, पाऊस लागायच्या आत, पुन्हा बारवीला जायचा बेत आहे. नरतुरंगात ओमेगा सेंटॉरी नावाचा गोल तारकागुच्छ आहे, क्रांती दक्षिण सुमारे 47. 71 मधून वजा करून त्याची उंची आणि मुठी कागदावर लिहून आणा. ज्यांचं उत्तर बरोबर, त्यांना पहिली दुर्बीण.