गाडीत चाललं, लॉजमध्ये अडलं

प्रवासाला निघताना आपण काय काय बरोबर घेतो, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरलेलं असतं. आमच्या घरी दशम्या, लसणीची चटणी, आईची गुडघ्याची तेलाची बाटली आणि चार्जरचं भेंडोळं, इतकं घेतलं की तयारी झाली, अशी समजूत होती. २०२५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत म्हैसूरला जाऊन आल्यावर या समजुतीत बदल करावा लागला. तो कसा, तेच आज सांगणार आहे.

आम्ही पाच जण निघालो. मी, पत्नी, पंचाहत्तरीला टेकलेली आई, कॉलेजात शिकणारा एकोणीस वर्षांचा भाचा आणि नऊ वर्षांची मुलगी. मिरजेहून रात्रीच्या गाडीने बेंगळूर आणि तिथून भाड्याच्या मोटारीने म्हैसूर, असा बेत. पाचही नावं एकाच ई-तिकिटावर होती. रात्री तिकीट तपासनीस आले. त्यांनी यादीवर नजर टाकली आणि कुणाही एकाचं ओळखपत्र दाखवा म्हणाले. मी माझं वाहनचालक लायसन्स पुढे केलं. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. अर्ध्या मिनिटाचं काम.

रेल्वेचा नियम खरोखरच इतका साधा आहे. एका तिकिटावरच्या प्रवाशांपैकी कुणाही एकाजवळ ठरवून दिलेलं अस्सल ओळखपत्र असलं की बाकीच्यांना विचारत नाहीत. मात्र त्या एकाजवळही नसलं, तर तिकिटावरचे सगळेच्या सगळे बिनतिकीट ठरतात आणि दंडासह भाडं भरावं लागतं. ओळखपत्रांची रेल्वेची यादी बरीच सैल आहे. आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन्स तर आहेतच. पण पॅन कार्ड चालतं, मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो लावलेलं पासबुकसुद्धा चालतं. आईच्या पिशवीत पेन्शनचं पासबुक होतं, पत्नीजवळ पॅन कार्ड होतं, भाच्याच्या गळ्यात कॉलेजचं कार्ड होतं. म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने आम्ही चौघे मोठे चारही बाजूंनी भक्कम होतो. आणि इथेच मी फसलो.

म्हैसूरला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. लॉजची खोली आधी पैसे भरून राखून ठेवलेली. काउंटरवरच्या व्यवस्थापकांनी मोठी नोंदवही उघडली आणि म्हणाले, ‘‘सर, चारों का आयडी दीजिए.’’ मी लायसन्स दिलं. ते चाललं. पत्नीने पॅन कार्ड दिलं. ते त्यांनी उलटसुलट करून परत ठेवलं. भाच्याचं कॉलेजचं कार्ड परत. आईचं पासबुक तर त्यांनी हातातही घेतलं नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, ‘‘अहो, हे सगळं रेल्वेत चालतं!’’ मास्तरकीची सवय, दुसरं काय. ते गृहस्थ शांत होते. मोडक्या हिंदीत त्यांनी जे सांगितलं त्याचा मतलब असा, की रेल्वेला तुम्ही कोण एवढंच हवं असतं. आम्हाला तुम्ही कोण आणि कुठले, ही दोन्ही उत्तरं हवी असतात.

नंतर विचार केला तेव्हा त्यांचं म्हणणं पटलं. तपासनिसाला पाहायचं असतं ते इतकंच, की तिकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच अंगाखाली बर्थ आहे ना. त्याला आपल्या पत्त्याशी कर्तव्य नाही. लॉजवाल्याला मात्र आपल्या छपराखाली रात्री झोपणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव आणि कायमचा पत्ता नोंदवहीत लिहावा लागतो, आणि पोलीस केव्हाही येऊन ती वही मागू शकतात. कुठली कार्डं घ्यावीत, हे सांगणारा देशभराचा एकच कायदा नाही. ज्या त्या ठिकाणच्या परवान्याच्या अटी आणि पोलिसांचे आदेश यांवर हा व्यवहार चालतो. त्यामुळे लॉजवाला आपल्या अंगाला काही चिकटू नये म्हणून सरकारी शिक्का, फोटो आणि पत्ता हे तिन्ही ज्या कार्डावर आहेत तेच मागतो. पॅन कार्डावर फोटो आहे, सरकारी शिक्का आहे, पण पत्ता नाही. कॉलेजचं कार्ड सरकारी नाही. पासबुक बँकेचं. आमची तीन कार्डं तीन कारणांनी बाद झाली, ती अशी.

पत्नीचा आणि भाच्याचा प्रश्न फोनवर सुटला. भाच्याच्या फोनमध्ये डिजिलॉकर होतं आणि त्यात त्याचं लायसन्स. इथे एक बारकावा आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. एकात सरकारी खात्याने थेट दिलेले कागद येतात, दुसऱ्यात आपण स्वतः फोटो काढून ठेवलेले. पहिल्या कप्प्यातलं आधार किंवा लायसन्स ओळखपत्र म्हणून ग्राह्य धरावं, असं रेल्वेने २०१८ साली जाहीर केलं; दुसऱ्या कप्प्यातलं काहीच धरत नाहीत, कारण तो नुसता फोटो. आमच्या व्यवस्थापकांनीही नेमका हाच भेद केला. पत्नीचं आधार तिच्याच मोबाइल नंबरला जोडलेलं होतं. तिने आधारच्या संकेतस्थळावर नंबर घातला, फोनवर आलेला सहा आकडी ओटीपी भरला आणि ई-आधार उतरवून घेतलं. त्या फाइलला कुलूप असतं. आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्मसाल, ही त्याची किल्ली. याची छापील प्रत घरच्या कार्डाइतकीच खरी मानली जाते.

राहिली आई. तिचं आधार घरच्या कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली. हरवू नये म्हणून. ई-आधार उतरवावं म्हटलं, तर ओटीपी जाणार कुठल्या नंबरवर? वडिलांच्या. वडील जाऊन तीन वर्षं झालेली आणि त्यांचा नंबर आम्हीच बंद केलेला. बंद झालेला नंबर काही काळ, निदान नव्वद दिवस, कुणाला देत नाहीत. नंतर तो नव्या माणसाला मिळू शकतो. म्हणजे आईच्या आधारचा ओटीपी या घडीला कुणा तिऱ्हाइताच्या खिशात वाजला असता. हे त्या काउंटरपाशी उभं असताना लक्षात आलं. आई खुर्चीवर बसून होती. गुडघे सुजलेले. ती म्हणाली, ‘‘तुम्ही सगळे राहा रे इथं. मी कुठल्याशा धर्मशाळेत पडीन.’’ धर्मशाळेतही आता हेच विचारतात, हे तिला सांगवलं नाही. दिवाळीच्या गर्दीत दुसरी खोली मिळण्याची आशाही नव्हती.

मग भाच्याला सुचलं. शेजारच्या काकूंकडे आमची किल्ली असते. त्यांना फोन केला. त्यांनी कपाट उघडून आधारपत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. व्यवस्थापक म्हणाले, असा फोटो आम्ही घेत नाही. भाचा म्हणाला, ‘‘फोटो घेऊ नका, त्यावरचा क्यूआर कोड वाचून बघा.’’ ही गोष्ट मला माहीत नव्हती. अलीकडच्या आधारपत्रांवर तो जो दाट ठिपक्यांचा चौकोन असतो, त्यात नाव, पत्ता आणि माणसाचा फोटोसुद्धा सरकारी डिजिटल सहीनिशी भरलेला असतो. आधारचं कोड वाचायचं ॲप त्यावर धरलं, की तो मजकूर पडद्यावर उमटतो. कुणी मध्ये फेरफार केला असेल तर ती सही जुळत नाही. आईचा पत्ता दोन वर्षांपूर्वी बदलून घेतल्यामुळे तिचं पत्र नव्या धर्तीचं होतं, हे आमचं नशीब. जुन्या पत्रावरच्या कोडात फोटो नसायचा.

पहिल्यांदा कोड वाचलाच जाईना. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि ठिपके एकमेकांत मिसळतात. काकूंना पुन्हा फोन. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगितलं. या खेपेला काउंटरवरच्या मुलाच्या फोनवर आईचा चेहरा उमटला. व्यवस्थापकांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि वहीत नाव लिहिलं. त्यांनी नकार दिला असता, तरी मला भांडता आलं नसतं. सव्वाआठ वाजले होते.

त्यांनी प्रती मागितल्या तेव्हा पत्नीने एक शहाणपणा केला. ई-आधार उतरवताना तिने नंबर झाकलेली प्रत निवडली होती. तीत बारापैकी पहिले आठ आकडे फुल्यांनी झाकलेले असतात, शेवटचे चार तेवढे दिसतात. लॉजच्या नोंदीला पूर्ण नंबर लागत नाही. आणि एक गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. लॉजवाला ओळख मागू शकतो. पण आधारच हवं, दुसरं काही नको, असा हट्ट त्याला धरता येत नाही. खाजगी संस्थांनी आधारची सक्ती करण्याला सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार उरू दिला नाही. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, लायसन्स यांवरही फोटो आणि पत्ता दोन्ही असतात. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं ‘अमुक लॉजमध्ये मुक्कामासाठी’ असं लिहून तारीख घालावी. अक्षर थोडं फोटोवर गेलं तरी बिघडत नाही.

मुलीचं काही मागितलं नाही. तरी शाळेचं कार्ड बरोबर असावं. भाड्याच्या सवलतीला वयाचा पुरावा लागतो. स्वतःची मोटार घेऊन जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांना लायसन्स, गाडीचं नोंदणीपत्र, विमा आणि पीयूसी ही चार लागतात. ही डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमध्ये दाखवली तरी चालतात. मोटार वाहन नियमांत २०१८ साली तशी दुरुस्ती झाली आहे. त्या पडद्याचा काढून ठेवलेला फोटो मात्र चालत नाही. आणि घाटात फोनची बॅटरी संपते, हे मी सांगायला नको. आणखी एक. तुमचा पत्ता ज्या गावचा, त्याच गावच्या लॉजमध्ये खोली हवी असेल, तर आधी फोन करून विचारा. गावातल्याच माणसाला खोली नाही, असा काही लॉजवाल्यांचा शिरस्ता असतो. कायद्यात तसं काही नाही. पण रात्री दहा वाजता काउंटरवर कायदा कोण ऐकतो?

परत आल्यावर मी आईला घेऊन आधार केंद्रात गेलो. मोबाइल नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, जुन्या नंबरचा ओटीपीही लागत नाही. आईला स्वतः जावं लागलं, कारण बोटांचे ठसे घेतात. तिच्या बोटांच्या रेषा भांडी घासून पुसट झालेल्या. दोनदा ठसा उमटेना, मग डोळ्यांवरून काम झालं. शुल्क भरून पावती घेतली. काही दिवसांनी तिच्या स्वतःच्या फोनवर नोंद झाल्याचा संदेश आला. तो तिने मला दोनदा वाचायला लावला. आधारपत्र आता लुगड्यांखाली नसतं. सुपारीच्या बटव्यात असतं, आणि बटवा कमरेला.