सायनसच्या ऑपरेशननंतर नाकाची निगा

“सायनसचं ऑपरेशन केलं, तरी नाक पुन्हा चोंदलं,” ही तक्रार आम्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या कानी नेहमी पडते. हा आजार उलटू शकतो हे खरे. पण ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांवरही बरेच अवलंबून असते. आज तेवढ्याबद्दलच बोलू.

गाल, कपाळ आणि दोन डोळ्यांमधल्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्या म्हणजे सायनस. त्यांतला स्राव बारीक वाटांनी नाकात उतरतो. सुजेने किंवा पॉलिपने वाट बुजली की तो साचतो. ऑपरेशनमध्ये चेहऱ्यावर छेद घेत नाहीत. भूल देऊन नाकपुडीतून सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत नेतात, पॉलिप काढतात आणि बुजलेल्या वाटा रुंद करतात. अस्तर मात्र शक्य तितके राखतात, कारण स्राव बाहेर ढकलण्याचे काम त्यावरची सूक्ष्म लव करते.

ऑपरेशननंतर काही आठवडे ही लव मंदावते. रक्त आणि शेंबूड आतच वाळून खपल्या धरतात. समोरासमोरच्या दोन ओल्या जखमांमध्ये खपली अडकली की तिच्या आधाराने त्या एकमेकींना चिकटतात आणि उघडलेली वाट पुन्हा बंद होते.

आमच्या एका पन्नाशीच्या रुग्णाचे असेच होऊ लागले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांना नाक धुवायला सांगितले होते. पाचव्या दिवशी तपकिरी पाणी आले, ते घाबरले आणि धुणे थांबले. खरे तर ते जुने रक्त होते आणि ते बाहेर पडायलाच हवे होते. आठव्या दिवशी दुर्बिणीतून पाहिले, तर खपल्यांमागे चिकटण्याचा पातळ धागा तयार झालेला. तो तेव्हा सहज सुटला; महिन्याने कापावा लागला असता. धुणे पुन्हा सुरू झाले आणि चौथ्या आठवड्यात वाटा मोकळ्या दिसल्या.

धुण्याची रीत सोपी आहे. पाणी उकळून कोमट करावे. नळाचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नये. पाव लिटर पाण्यात सव्वादोन ग्रॅम, म्हणजे सपाट अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित कमी मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा घालावा. बेसिनवर वाकून, तोंडाने श्वास घेत, बाटली हलके दाबावी. किती वेळा धुवायचे ते तुमचे डॉक्टर सांगतील. पहिले एक-दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक तोंड उघडून द्यावी, उशी उंच घ्यावी, जड उचलू नये. गुलाल आणि धूप यांपासूनही दूर राहावे.

पहिले काही दिवस थोडे रक्तमिश्रित पाणी येतेच. पण रक्त थांबत नसेल, डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागले, वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकले, किंवा तापाबरोबर मान आखडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.